रिझर्व्ह बँकेचं पतधोरण नोटीस बोर्डावर लावायचं तर काय ठेवायचं, काय गाळायचं?

प्रश्न: नाशिकला अंबडमध्ये आमचा शीट मेटलचा छोटा कारखाना आहे, ४२ माणसं. अकाउंट्स आणि एचआर दोन्ही मीच बघते. मालक म्हणाले, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण आलं की कामगारांना कळेल असा एक पानी सारांश लावत जा. सराव म्हणून ६ जून २०२५चं निवेदन घेतलं आणि वाक्यामागून वाक्य मराठीत आणलं. साडेतीन पानं झाली आणि वाचून मलाच काही कळेना. कुठे चुकतंय?

उत्तर:

तुमचं मराठी चुकलेलं नाही. ते निवेदन तुमच्या कामगारांसाठी लिहिलेलंच नाही, अडचण तिथे आहे. ते लिहिलं जातं बँकांच्या ट्रेझरीत बसणाऱ्यांसाठी आणि रोखेबाजारातल्या लोकांसाठी. ही मंडळी मागच्या वेळचं निवेदन शेजारी ठेवून कुठला शब्द बदलला ते शोधतात. म्हणून त्यात प्रत्येक शब्द तोलूनमापून असतो, आणि शब्दाला शब्द मराठी केलं की हाती त्यांचंच निवेदन उरतं, फक्त देवनागरीत.

प्रेसवर काम करणाऱ्या माणसाचे प्रश्न मोजकेच असतात. माझा हप्ता कमी होणार का? आईच्या एफडीचं काय? महागाई उतरणार म्हणतात ते खरं का? यांची निम्मी उत्तरं निवेदनात नसतात. दर किती बदलला एवढं त्यात असतं; तो कोणाला लागू होईल आणि कधीपासून, हे बाहेरून आणून जोडावं लागतं. सारांशातलं खरं काम हे जोडण्याचं आहे. कापाकापी त्यामानाने सोपी.

मी एकवीस वर्षं बँकेत कर्ज विभागात होतो. आता तीन छोट्या कारखान्यांचे हिशेब बघतो आणि दर दोन महिन्यांनी असं एक पान लिहितो. तुम्ही निवडलेलं जूनचं निवेदन सरावाला उत्तम आहे, कारण त्यात तीन-चार सापळे एकाच ठिकाणी आहेत.

आधी कागद नीट ओळखा. धोरणाच्या दिवशी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर एकाहून जास्त कागद येतात. एक असतो पतधोरण समितीचा ठराव आणि दुसरं गव्हर्नरांचं भाषण. समितीचं इतिवृत्त, म्हणजे कोणी काय मत दिलं आणि का, ते चौदाव्या दिवशी येतं. तुमची साडेतीन पानं बहुधा गव्हर्नरांच्या भाषणाची झाली असावीत, कारण जगाची अर्थव्यवस्था, व्यापारातली अनिश्चितता वगैरे सगळं त्यात ऐसपैस असतं. सुरुवात ठरावापासून करा. तो छोटा असतो आणि निर्णय पहिल्याच परिच्छेदांत सापडतो.

जूनचा निर्णय असा होता: रेपो दर ६ टक्क्यांवरून ५.५० टक्क्यांवर आला. इंग्रजीत तो पन्नास बेसिस पॉइंट म्हणून लिहिलेला असतो. मराठीत आपल्याकडे पाव, अर्धा, पाऊण असे आयते शब्द आहेत, तेच वापरा. ‘अर्धा टक्का’ म्हटलं की शाळा अर्ध्यात सोडलेल्यालाही कळतं. ‘पन्नास आधारबिंदू’ म्हटलं की पदवीधरही थबकतो. रेपो म्हणजे काय हे मी एकाच वाक्यात सांगतो: बँकांना थोड्या दिवसांसाठी पैसे लागले तर रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने देते तो दर. त्याच ओळीत एसडीएफ ५.२५ आणि एमएसएफ ५.७५ असे बँका आणि रिझर्व्ह बँक यांच्यातल्या व्यवहाराचे आणखी दोन दर आहेत. ते रेपोसोबतच वर-खाली होतात. दोन्ही सरळ गाळा, कोणाचंही काही अडत नाही.

आता पहिला सापळा, ज्यात मी स्वतः पडलो होतो. अशाच एका कपातीच्या वेळी मी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘गृहकर्जाचा हप्ता कमी होणार’. पुढच्या महिन्यात तिघं जण माझ्या टेबलाशी आले. एकाचं कर्ज बँकेचं नव्हतं, एका गृहवित्त कंपनीचं होतं, आणि तिने दर हलवलाच नव्हता. दुसऱ्याचं गाडीचं कर्ज स्थिर दराचं. तिसऱ्याचं गृहकर्ज खरंच रेपोशी जोडलेलं होतं, पण त्याच्याही खात्यातून हप्ता पूर्वीएवढाच गेला होता. तो सगळ्यात चिडलेला. बँकेने त्याचा दर कमी केला होता, फक्त हप्ता तोच ठेवून मुदत घटवली होती. म्हणजे त्याचा फायदा झाला होता आणि त्याला वाटत होतं फसवणूक झाली. तिघांचीही चूक नव्हती, माझ्या वाक्याची होती.

तेव्हापासून मी आधी ‘कोणाला’ लिहितो आणि मग ‘किती’. कर्जाचे प्रकार कामगाराला सांगायला चार पुरतात. बँकेने १ ऑक्टोबर २०१९ नंतर दिलेलं बदलत्या दराचं गृहकर्ज किंवा वैयक्तिक कर्ज बाहेरच्या मानदंडाशी जोडलेलं असावं लागतं, आणि बहुतेक बँकांनी तो मानदंड म्हणून रेपोच घेतला आहे. अशा कर्जाचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरवावाच लागतो. तेव्हा ६ जूनची कपात एखाद्याला जुलैत दिसेल, एखाद्याला सप्टेंबरात. त्याच्या कर्जाची तारीख कुठे पडते त्यावर आहे. त्याआधीचं बँकेचं कर्ज एमसीएलआरवर असू शकतं. तो दर बँकेला स्वतःला ठेवी कितीला पडतात त्यावर चालतो, म्हणून सावकाश उतरतो, आणि खात्यात तो बदलतोही बहुधा सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. अशा माणसाला बँकेत अर्ज करून रेपोच्या कर्जावर जाता येतं, थोडं प्रशासकीय शुल्क लागू शकतं. तिसरा प्रकार गृहवित्त आणि फायनान्स कंपन्यांचा. रेपोशी जोडण्याचा तो २०१९चा नियम त्यांना नाही, त्या आपला दर आपण ठरवतात. आणि चौथा, स्थिर दराचं कर्ज: दुचाकी, गाडी, बरीचशी वैयक्तिक कर्जं. तिथे रेपो कुठेही गेला तरी हप्ता तोच.

आपलं कर्ज यातलं कुठलं, हे कोणालाच पाठ नसतं. मंजुरीपत्रात ‘व्याजदर’ या मथळ्याखाली ते लिहिलेलं असतं. मी लोकांना ते पान मोबाइलवर फोटो काढून आणायला सांगतो. पहिल्या वर्षी हे काम बरंच पडलं. नंतर मी एका वहीत प्रत्येकासमोर प्रकार लिहून ठेवला, अर्थात ज्याने स्वतःहून सांगितलं त्याचाच. कोणाचं किती कर्ज आहे हे ऑफिसला माहीत असायची गरज नाही.

आता ‘किती’. इथे एकच उदाहरण द्या, पण ते पूर्ण द्या. समजा २५ लाख रुपये बाकी आहेत, २० वर्षं शिल्लक आहेत आणि दर साडेआठ टक्के आहे. हप्ता येतो सुमारे २१,६९६ रुपये. दर अर्धा टक्का उतरून आठ झाला आणि मुदत तीच ठेवली, तर हप्ता होतो सुमारे २०,९११. महिन्याला ७८५ रुपये वाचले. पण हप्ता २१,६९६च चालू ठेवला, तर कर्ज २४० ऐवजी २२० महिन्यांत फिटतं. पहिल्या वाटेने एकूण भरणा सुमारे ५० लाख १९ हजार होतो आणि दुसऱ्या वाटेने ४७ लाख ७३ हजार. फरक जवळजवळ अडीच लाखांचा. अर्थात पुढे २० वर्षं दर आठच राहील असं धरून हा हिशेब आहे. तसा तो राहणार नाही. तरी दिशा कळायला पुरतो.

कुठली वाट धरावी हे मी पानावर लिहीत नाही. मुलाची फी भरताना महिनाअखेर हात आखडतो त्याला ७८५ रुपये आज हवे असतात. ज्याचं बरं चाललंय त्याने २० महिने वाचवावेत. पण बँकेत विचारल्याशिवाय बऱ्याचदा मुदतच कमी होते, आणि हप्ता कमी हवा असेल तर तसं लेखी सांगावं लागतं, एवढं मात्र आवर्जून लिहितो. माझ्या त्या चिडलेल्या माणसासाठी हे एक वाक्य पुरलं असतं.

नवीन कर्ज घेणाऱ्यासाठी अर्धी ओळ वेगळी लागते. रेपोवर बँक आपलं मार्जिन लावते. जुन्या ग्राहकाच्या बाबतीत ते मनाला येईल तेव्हा वाढवता येत नाही, नव्या ग्राहकाला मात्र किती लावायचं हे बँक ठरवते. म्हणून नव्याला पूर्ण अर्धा टक्का मिळेलच असं लिहू नका.

ठेवींचं थोडक्यात उरकता येतं. चालू असलेल्या एफडीचा दर मुदत संपेपर्यंत तोच राहतो. नूतनीकरण होताना नवा, बहुधा कमी दर लागतो. खरा गोंधळ पीएफचा असतो. रेपो उतरला की दर वेळी कोणी ना कोणी विचारतं, ‘आपला पीएफ कमी होणार का?’ पीएफचा दर रिझर्व्ह बँक ठरवत नाही. २०२४-२५साठी तो ८.२५ टक्के होता आणि त्याची शिफारस ईपीएफओचं विश्वस्त मंडळ करतं. पीपीएफ आणि टपालाच्या योजनांचे दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. ‘पीएफवर या निर्णयाचा थेट परिणाम नाही’ ही ओळ निवेदनात कुठेच नाही, पण माझ्या पानावर सगळ्यात जास्त वाचली जाते.

दुसरा सापळा सीआरआरचा. जूनमध्ये तो ४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणायचं ठरलं, सप्टेंबर ते नोव्हेंबर चार टप्प्यांत, दर वेळी पाव टक्का. बँकांकडे सुमारे अडीच लाख कोटी रुपये मोकळे होतील असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं. आकडा एवढा मोठा की तो वरती टाकायचा मोह होतो. टाकू नका. ठेवींतला जो भाग बँकांना रिझर्व्ह बँकेत बिनव्याजी ठेवावा लागतो तो कमी झाला, एवढाच त्याचा अर्थ; बँकांना कर्ज द्यायला थोडी सवड मिळते. मी पाहिलंय, ‘अडीच लाख कोटी’ वाचून लोकांचा समज होतो की सरकार पैसे वाटतंय. सगळं गाळायचं नसेल तर रक्कम तेवढी गाळा आणि बाकीचं शेवटच्या ओळीत ठेवा.

तिसरा सापळा सगळ्यात अवघड, तो म्हणजे धोरणाचा ‘पवित्रा’. त्या दिवशी समितीने दर अर्धा टक्का उतरवला आणि त्याच श्वासात पवित्रा ‘अ‍ॅकोमोडेटिव्ह’वरून ‘न्यूट्रल’वर नेला. तुम्ही ‘तटस्थ’ लिहिलं असेल आणि वाचणाऱ्याला वाटलं असेल की म्हणजे दर आता स्थिर. तसं नाही. एप्रिलमध्ये गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी पहिल्या शब्दाचा अर्थ फोड करून सांगितला होता: काही आकस्मिक घडलं नाही तर समितीपुढे दोनच पर्याय, दर आहे तिथे ठेवणं किंवा उतरवणं. तटस्थ म्हणजे ते बंधन सुटलं. पुढचा दर खाली जाईल, वर जाईल किंवा तिथेच राहील. मी त्याचं मराठी असं करतो: ‘पुढच्या वेळी काय करायचं, याचा शब्द रिझर्व्ह बँकेने दिलेला नाही.’

याच्या जोडीला निवेदनात एक वाक्य होतं. फेब्रुवारीपासून एकूण एक टक्का कपात झाल्यावर आता वाढीला आधार द्यायला पतधोरणाकडे फारच थोडी जागा उरली आहे, असा त्याचा आशय. हे वाक्य ठेवण्यासारखं आहे, कारण ‘दर अजून उतरू देत, मग घर घेतो’ म्हणणारे प्रत्येक कारखान्यात दोघे-तिघे असतात. पण ठेवताना मी माती खाल्ली. मी पुढे आपल्या मनाने जोडलं, ‘या वर्षी आणखी कपात बहुधा नाही’. ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये दर ५.५०वरच राहिला तेव्हा मी भलताच हुशार ठरलो. ५ डिसेंबरला तो ५.२५ झाला आणि स्टोअरकीपरने ते जुनं पान आणून माझ्यासमोर ठेवलं. निवेदन जेवढं बोलतं तेवढंच सांगा. पुढचा अंदाज चहाच्या वेळी तोंडी करा, बोर्डावर नको.

महागाईच्या आकड्यालाही हेच लागू. जूनमध्ये २०२५-२६साठी महागाईचा अंदाज ४ टक्क्यांवरून ३.७ टक्के केला होता. ‘महागाई कमी होणार’ असं लिहिलं की लोक तेलाचा डबा स्वस्त व्हायची वाट बघतात. म्हणून रुपयांत लिहा: जो बाजार गेल्या वर्षी १०० रुपयांत होत होता तो सरासरी १०३ रुपये ७० पैशांत होईल, म्हणजे भाव वाढतीलच, पण सावकाश. आणि ‘अंदाज’ हा शब्द सोडू नका. सहा महिन्यांनी, डिसेंबरच्या निवेदनात, त्याच वर्षाचा अंदाज २ टक्क्यांवर आला होता. रिझर्व्ह बँकेचाच आकडा इतका हलतो, तर आपण तो दगडावरची रेघ म्हणून कशाला सांगायचा?

एक गोष्ट परिस्थितीवर आहे आणि ती मालकांना विचारूनच ठरवा: कंपनीच्या स्वतःच्या कर्जाबद्दल लिहायचं का? छोट्या उद्योगाचं बँकेतलं बदलत्या दराचं कर्जही बाहेरच्या मानदंडाशीच जोडलेलं असतं, त्यामुळे ‘कंपनीचं व्याज वाचलं, मग पगार?’ हा प्रश्न येणारच. कॅश क्रेडिटमध्ये सरासरी ६० लाख उचललेले असतील तर अर्ध्या टक्क्याने वर्षाला ३० हजार वाचतात, महिन्याला अडीच हजार. ४२ माणसांत वाटले तर डोई साठ रुपयेही होत नाहीत. माझ्या एका मालकांनी हा हिशेब बोर्डावर लावायला सांगितला आणि विषय मिटला. दुसऱ्यांना कंपनीचा आकडा बाहेर जायला नको होता, तिथे मी तो भाग लिहीतच नाही. पगारवाढीशी जोडणारं कुठलंही वाक्य मात्र मालकांच्या सहीशिवाय नको.

जूनचं पान मी आज लिहिलं असतं तर साधारण असं लिहिलं असतं:

> रिझर्व्ह बँकेचा निर्णय, ६ जून २०२५
>
> बँकांना रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने पैसे देते तो रेपो दर अर्धा टक्का उतरला. आधी ६ टक्के होता, आता साडेपाच.
>
> तुमचं कर्ज: बँकेचं, रेपोशी जोडलेलं असेल तर तुमचा दर पुढच्या तीन महिन्यांत अर्धा टक्का कमी व्हायला हवा. फायनान्स किंवा गृहवित्त कंपनीचं असेल तर ती कंपनी ठरवेल. स्थिर दराचं असेल तर काही बदल नाही. कुठलं आहे ते मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं.
>
> दर उतरला तरी हप्ता तोच राहू शकतो. अशा वेळी मुदत कमी होते. २५ लाख बाकी आणि २० वर्षं शिल्लक असतील, आणि दर साडेआठचा आठ झाला, तर एक तर महिन्याला सुमारे ७८५ रुपये वाचतात किंवा २० हप्ते वाचतात. हप्ता कमी हवा असल्यास बँकेला लेखी कळवा.
>
> ठेवी: चालू एफडी आहे तशीच. नवीन एफडीवर व्याज कमी मिळू शकतं. पीएफवर थेट परिणाम नाही.
>
> भाव: या आर्थिक वर्षात भाव सरासरी ३.७ टक्क्यांनी वाढतील असा रिझर्व्ह बँकेचा अंदाज आहे. १०० रुपयांचा बाजार १०३ रुपये ७० पैसे.
>
> पुढे काय: रिझर्व्ह बँक म्हणते, आणखी कपात करायला जागा फार थोडी आहे. पुढच्या वेळी दर खाली, वर किंवा आहे तिथेच, काहीही होऊ शकतं.
>
> ऑगस्टमध्ये पुढचा निर्णय आला की हे पान काढलं जाईल.

‘कमी व्हायला हवा’ असं लिहिलंय, ‘होईल’ नाही. एखाद्या शाखेत खात्याला चुकीचा कोड लागलेला असतो आणि दर हलत नाही, हे मी आतून पाहिलेलं आहे. तीन महिने उलटून गेल्यावरही खात्याच्या उताऱ्यात जुनाच दर दिसला तर त्या माणसाने शाखेत लेखी विचारावं, तोंडी नव्हे.

लावण्याआधी पान कोणाला तरी वाचायला द्या, पण ऑफिसमधल्याला नको. मी ते डाय फिटरला देतो आणि एकच विचारतो, ‘तुझा हप्ता कमी होणार का?’ तो ‘हो’ म्हणाला किंवा ‘नाही’ म्हणाला, तर पान परत लिहितो. ‘घरी जाऊन कागद बघावा लागेल’ असं म्हणाला, की लावतो.